‘७ टक्के आणि ७ टक्के’ याचा अर्थ काय? इंट्राकॅथवरील एका चाचणीचे जर्नल क्लबसाठी वाचन

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या मेडिसिन वॉर्डात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोच्या रुग्णांनी खाटा भरलेल्या असताना, तिसऱ्या दिवशी सकाळी एक प्रसंग हमखास घडतो. आजींच्या हातातले इंट्राकॅथ नीट चालू असते, जागा लाल नसते, सूज नसते, दुखतही नाही. तरीही ‘बहात्तर तास झाले’ म्हणून ते काढले जाते आणि आधीच बारीक असलेल्या शिरांमध्ये नवी जागा शोधण्यासाठी आजींना दोन-तीनदा टोचावे लागते. सोबतची विद्यार्थिनी विचारते, “सिस्टर, लाईन चांगली चालली होती, मग का काढली?” या प्रश्नाला ‘नियम आहे’ यापलीकडे उत्तर द्यायचे असेल, तर हा नियम कोणी, कशाने आणि कितपत तपासला आहे हे पाहावे लागते.

तो तपासणारी सर्वांत परिचित चाचणी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात झाली आणि २०१२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रमुख संशोधक क्लेअर रिकर्ड या स्वतः नर्सिंगच्या प्राध्यापक आहेत. जर्नल क्लबमध्ये हा लेख बहुधा एका वाक्यात आटोपला जातो: ‘दोन्ही गटांत फ्लेबायटिस ७ टक्के, म्हणून नियमित बदल अनावश्यक.’ निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पण ‘म्हणून’ या शब्दाआधी बरेच काही तपासायचे राहून जाते. ते तपासणे म्हणजेच चिकित्सक मूल्यमापन. लेखातला आकडा खऱ्या कारणामुळेच आला की चाचणीच्या रचनेमुळेही आला असता, आणि तो आपल्या रुग्णांना कितपत लागू होतो, हे पायरीपायरीने विचारणे एवढाच या शब्दाचा अर्थ आहे.

चाचणीत नेमके काय केले

मे २००८ ते सप्टेंबर २००९ या काळात क्वीन्सलँडमधील तीन रुग्णालयांतले ३,२८३ प्रौढ रुग्ण घेतले गेले. प्रत्येकाला चार दिवसांहून अधिक काळ शिरेतून उपचार लागतील असा अंदाज होता. एका गटात दर तिसऱ्या दिवशी इंट्राकॅथ बदलायचे होते. दुसऱ्या गटात काही त्रास दिसला तरच, म्हणजे दुखणे, लाली, सूज, गळती किंवा लाईन बंद पडणे अशा कारणाने बदलायचे होते. मुख्य मोजमाप फ्लेबायटिसचे, म्हणजे शिरेच्या दाहाचे होते, आणि ते लाईन असताना तसेच ती काढल्यानंतरच्या ४८ तासांपर्यंत मोजायचे होते. ही ४८ तासांची पुस्ती महत्त्वाची आहे, कारण लाईन काढल्यावर दुसऱ्या दिवशी हात सुजलेला रुग्ण आपण सर्वांनीच पाहिला आहे. मोजणी काढताक्षणी थांबवली असती तर असे रुग्ण सुटले असते.

सोडत कशी काढली, आणि पाकीट बंद होते का

रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठीने ठरवणे म्हणजे यादृच्छिक वाटणी. म्हाडाच्या घरांची सोडत डोळ्यांसमोर आणली तर यातली मेख लगेच कळते. सोडत प्रामाणिक असण्यासाठी दोन गोष्टी लागतात: क्रमांक खरोखर नशिबाने निघाला पाहिजे, आणि तो निघेपर्यंत कोणालाही ठाऊक नसला पाहिजे. नर्सिंगच्या लेखांत पहिली गोष्ट लिहिलेली असते, दुसरी पुष्कळदा नसते. पुढची चिठ्ठी ‘लाईन तशीच ठेवा’ या गटाची आहे हे भरती करणाऱ्या सिस्टरला आधीच कळले, तर नाजूक शिरांच्या आजींना ती नकळत उद्यावर ढकलेल आणि धडधाकट तरुणाला आज घेईल. तिचा हेतू चांगलाच असेल, पण दोन्ही गट मग सारखे राहणार नाहीत. या चाचणीत वाटणी संगणकाने केली होती आणि रुग्ण निश्चित होईपर्यंत ती लपलेली होती. इथे लेख भक्कम आहे.

जर्नल क्लबमध्ये एक शंका हमखास निघते: एका गटात १,५९३ आणि दुसऱ्यात १,६९० रुग्ण, म्हणजे ९७ चा फरक, वाटणी सारखी असेल तर हा फरक कसा? लेखात याचे उत्तर आहे. ठरावीक संख्येनंतर दोन्ही गट सारखे करून घेण्याची पद्धत, जिला ब्लॉकिंग म्हणतात, ती वापरली नव्हती. प्रत्येक रुग्णासाठी जणू नवा छापा-काटा केला गेला. ३,२८३ वेळा नाणे उडवले तर छापे आणि काटे यांत साधारण या संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ५७ च्या आसपास, फरक पडणे अगदी स्वाभाविक असते, आणि त्याच्या पावणेदोन पटीपर्यंतचा फरकही आश्चर्याचा नसतो. ९७ हा त्याच हद्दीत बसतो. हा हिशेब पाटीवर करून दाखवला तर ‘गट असमान, म्हणून चाचणी सदोष’ हा आक्षेप तिथेच मिटतो.

गट माहीत असताना मोजले, तर मोजमापावर विश्वास ठेवायचा का

वाटणी लपवणे आणि उपचार लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विद्यार्थिनी त्यांची गल्लत करतात. पहिली वाटणीच्या क्षणापर्यंतची, दुसरी त्यानंतरची. इथे उपचार लपवणे शक्यच नव्हते. लाईन बदलली की नाही हे रुग्णाला कळते, वॉर्डातल्या सिस्टरला कळते आणि तपासायला येणाऱ्या संशोधन-परिचारिकेलाही कळते. संशोधकांनी ते उघड मान्य केले आहे.

पण ‘ब्लाइंडिंग नाही’ असे लिहून पुढे सरकणे अपुरे आहे. त्यामुळे आकडा कोणत्या दिशेने झुकला असता, हे विचारायला हवे. जुनी लाईन धोकादायक असते असे मनात धरून बसलेली परिचारिका ‘तशीच ठेवलेल्या’ हातावर लाली लवकर पाहील. नियम मोडीत निघावा अशी इच्छा असलेली परिचारिका तीच लाली किरकोळ ठरवेल. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. म्हणूनच फ्लेबायटिसची व्याख्या किती घट्ट होती हे पाहायचे. दुखणे किंवा दाबल्यावर दुखणे, लाली, सूज, पू आणि हाताला दोरीसारखी लागणारी शीर, यांपैकी किमान दोन लक्षणे असतील तरच फ्लेबायटिस धरायचा असे ठरले होते. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव झाकता आले नाही, तर निदान गुणदानाची तक्ता-पद्धत कडक ठेवावी, तसा हा उपाय आहे. तो पूर्ण संरक्षण देत नाही. लाली किती आणि दुखणे किती यात पाहणाऱ्याचे मत शिरतेच. माझ्या मते या चाचणीचा हा खरा कच्चा दुवा आहे, आणि सादरीकरणात तो तसाच सांगावा.

‘७ आणि ७’ हे सारखेपण सिद्ध करते का

इथे थोडे थांबावे लागेल, कारण संपूर्ण लेखाचा गाभा इथेच आहे.

‘तशीच ठेवा’ गटात १,५९३ पैकी ११४ जणांना फ्लेबायटिस झाला, म्हणजे ७.१६ टक्के. नियमित बदलाच्या गटात १,६९० पैकी तितक्याच, म्हणजे ११४ जणांना झाला, म्हणजे ६.७५ टक्के. फरक ०.४१ टक्के. हजार रुग्णांमागे चार जणांचा हा फरक.

आता एक कल्पित चाचणी घेऊ. दोन गटांत शंभर-शंभर रुग्ण, आणि दोन्हींत सात-सात जणांना फ्लेबायटिस. इथेही ७ टक्के आणि ७ टक्के, फरक तर चक्क शून्य. मग ही छोटी चाचणी क्वीन्सलँडच्या चाचणीहून चांगली का नाही? कारण भाजीवाल्याच्या काट्यावर दोन अंगठ्या ठेवल्या आणि काटा हलला नाही, तर त्या सारख्या वजनाच्या आहेत असे सिद्ध होत नाही. तो काटा ग्रॅमचा फरक दाखवूच शकत नाही एवढेच कळते. किती फरक नजरेआड राहू शकतो हे सांगणाऱ्या पट्ट्याला ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. आपण त्याला नुसता ‘पट्टा’ म्हणू. खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकेल याची ती मिळालेल्या माहितीशी सुसंगत अशी कक्षा असते. शंभर-शंभराच्या चाचणीत हा पट्टा सुमारे उणे ७ ते अधिक ७ टक्के येतो. म्हणजे लाईन तशीच ठेवल्याने फ्लेबायटिस दुप्पट होत असला, तरी त्या चाचणीला ते दिसले नसते. क्वीन्सलँडच्या चाचणीत पट्टा उणे १.३३ ते अधिक २.१५ टक्के आहे. म्हणजे वाईटात वाईट धरले तर हजारांमागे साधारण एकवीस-बावीस जास्त रुग्णांना त्रास होईल, आणि चांगल्यात चांगले धरले तर तेरा जणांचा त्रास वाचेल. हा सोनाराचा काटा आहे.

तरीही एक प्रश्न उरतो: हजारांमागे बावीस हे ‘सारखेच’ म्हणायचे का? हे गणित ठरवत नाही, माणसे ठरवतात, आणि ते आधी ठरवायचे असते. दादरहून अंधेरीला जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि तीन मिनिटांचा फरक मी फरक मानणार नाही, असे घरून निघण्यापूर्वी म्हटले तर त्याला अर्थ आहे. उशीर झाल्यावर ‘दहा मिनिटे म्हणजे काही फार नाही’ म्हणणे ही सारवासारव. दोन उपचार सारखे आहेत हे दाखवण्यासाठी आखलेल्या चाचणीला समतुल्यता चाचणी म्हणतात, आणि आधी ठरवलेल्या या अंतराला समतुल्यतेची मर्यादा. इथे ती ३ टक्के होती. पट्ट्याची दोन्ही टोके तिच्या आत आली, म्हणून समतुल्यता सिद्ध झाली असे म्हणता येते. ‘पी व्हॅल्यू ०.०५ हून जास्त आहे, म्हणून दोन्ही सारखे’ हे विधान मात्र कोणत्याही चाचणीबद्दल चूकच आहे, आणि परीक्षक याच जागी थांबवतात.

मर्यादेवरही आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. मूळ प्रमाणच ७ टक्के असताना ३ टक्के सूट देणे म्हणजे सातावरून दहावर गेले तरी चालेल असे म्हणणे. ही सूट मला सैल वाटते. पण लेखकांनी पूर्ण पट्टा दिल्यामुळे आपल्याला त्यांची मर्यादा मान्य करण्याची सक्ती नाही. आपल्या वॉर्डाने ‘२.५ टक्क्यांपर्यंत चालेल’ असे ठरवले, तरी ही चाचणी पुरते. ‘२ टक्क्यांच्या वर नको’ असे ठरवले, तर ती पुरत नाही, कारण पट्ट्याचे वरचे टोक २.१५ आहे. जर्नल क्लबमध्ये हा प्रश्न उपस्थितांना विचारून हात वर करायला सांगावे. चर्चा तिथूनच खरी सुरू होते.

जाता जाता एक गोष्ट. लेखात ५,९०७ इंट्राकॅथचा उल्लेख आहे, मग टक्केवारी रुग्णांवर का काढली? कारण एकाच रुग्णाच्या तीन लाईनी या तीन स्वतंत्र साक्षी नव्हेत. ज्याच्या शिरा एका ठिकाणी चिडतात त्याच्या दुसऱ्या ठिकाणीही चिडण्याचा संभव जास्त. एकाच घरात तीनदा जाऊन तीन घरांचे सर्वेक्षण झाले असे लिहिण्यासारखे ते झाले असते, आणि पट्टा खोटाच अरुंद दिसला असता.

ठरल्याप्रमाणे लाईन बदललीच गेली नसेल तर

कोणत्याही चाचणीत काही रुग्णांना ठरलेला उपचार मिळत नाही. नियमित बदलाच्या गटातल्या कोणाची लाईन तिसऱ्या दिवशी बदलायची राहते, तर ‘तशीच ठेवा’ गटातल्या कोणाची लाईन ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सवयीने बदललेली असते. अशा सर्वांना मूळ गटातच मोजणे, म्हणजे चिठ्ठीशी प्रामाणिक राहणे, याला इंटेन्शन टू ट्रीट विश्लेषण म्हणतात, आणि इथे सर्व ३,२८३ रुग्ण तसेच मोजले गेले.

एरवी हे विश्लेषण म्हणजे चाचणीचा सद्गुण असतो. समतुल्यता चाचणीत मात्र त्याची दुसरी बाजू पाहावी लागते. दोन भांड्यांतले पाणी, एकात मीठ आणि एकात साखर, थोडे थोडे मिसळत गेले तर चव सारखी लागू लागते. दोन्ही गटांतले उपचार मिसळले तर निकालही सारखे दिसू लागतात, आणि इथे आपल्याला तर सारखेपणच सिद्ध करायचे आहे. म्हणजे ढिसाळपणे केलेली समतुल्यता चाचणी जास्त सहज ‘यशस्वी’ होते. म्हणून गट खरोखर वेगळे राहिले का, याचा पुरावा शोधायचा. तो लेखात आहे: तिसऱ्या दिवशी हातात असलेल्या लाईनी नियमित गटात सरासरी ७० तास राहिल्या आणि दुसऱ्या गटात ९९ तास. गट वेगळे राहिले होते, हे यावरून स्पष्ट होते.

याच आकड्यात चाचणीची हद्दही आहे, आणि ती फार कमी जण सांगतात. सरासरी फरक २९ तासांचा, म्हणजे एका दिवसाहून थोडा जास्त. ‘तशीच ठेवा’ गटात तासांचा पसारा मोठा होता, त्यामुळे काही लाईनी दीडशे तासांपर्यंत आणि त्यापुढेही राहिल्या असणार. पण ‘लाईन दहा दिवस ठेवली तरी चालते’ असे या चाचणीने दाखवलेले नाही. तसे कोणी सादरीकरणात म्हटले तर हा ९९ चा आकडा पुढे ठेवावा.

रक्तातल्या संसर्गाचे काय

वरिष्ठ सिस्टरांचा खरा आक्षेप हाच असतो: फ्लेबायटिसने हात दुखतो, पण लाईनमधून जंतू रक्तात गेले तर रुग्ण जातो. या चाचणीत ‘तशीच ठेवा’ गटात लाईनमुळे झालेला रक्तसंसर्ग एकालाही आढळला नाही आणि नियमित गटात एकाला आढळला. ऐकायला हे दिलासादायक आहे. पण इथेही सोनाराचा काटाच विचारात घ्यावा. एखादी घटना अमुक इतक्या रुग्णांत एकदाही घडली नाही, तर तिचे खरे प्रमाण तीन भागिले ती संख्या इतके असण्याची शक्यता उरते, असा एक सोपा ठोकताळा आहे. ३ भागिले १,५९३, म्हणजे हजारांमागे जवळजवळ दोन. इतक्या रुग्णांना रक्तसंसर्ग होत असता तरी या चाचणीत शून्य दिसू शकले असते. जी गोष्ट काही हजारांत एकदा घडते तिच्यासाठी फ्लेबायटिसवर बेतलेली चाचणी छोटीच पडते.

ही शंका केवळ कागदावरची नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी नियमित बदल थांबवून ‘गरज पडली तरच’ हे धोरण स्वीकारले, नंतर ते मागे घेतले, आणि २०२१ साली चार लाखांहून अधिक इंट्राकॅथचा हिशेब प्रसिद्ध केला. जुन्या धोरणाच्या काळात सुमारे २ लाख ४१ हजार इंट्राकॅथमागे ११ रक्तसंसर्ग होते. नव्या धोरणाच्या काळात सुमारे १ लाख ३१ हजारांमागे ४६. जुने धोरण परत आणल्यावर प्रमाण पुन्हा खाली आले. ही यादृच्छिक चाचणी नाही, आधी-नंतरची तुलना आहे. त्या काळात इतर काही बदलले असेल तर त्याचाही परिणाम यात मिसळलेला असणार, त्यामुळे वाटणीच्या कसोटीवर ती क्वीन्सलँडच्या चाचणीपुढे कमजोर ठरते. पण क्वचित घडणारी हानी दिसण्यासाठी लागणारी संख्या तिच्याकडे आहे. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पहिला फ्लेबायटिसबद्दल बोलतो, दुसरा रक्तसंसर्गाबद्दल, आणि दोन्ही एकाच स्लाइडवर शेजारी ठेवावेत.

मुंबईच्या वॉर्डात हे लागू होईल का

‘परदेशातली चाचणी, आपल्याकडे चालणार नाही’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते मूल्यमापन नव्हे. नेमके काय वेगळे आहे आणि त्याने निकाल का बदलेल, हे सांगावे लागते. शिरा सगळीकडे सारख्याच असतात. वेगळे असते ते लक्ष. ‘गरज पडली तरच बदला’ या नियमात गरज पडली आहे हे कोणाच्या तरी लक्षात येणे गृहीत आहे, आणि चाचणीत रुग्णांच्या लाईनी पाहण्यासाठी संशोधन-परिचारिका नेमलेल्या होत्या. आपल्या जनरल वॉर्डात रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात हे वाचकांना सांगायला नको. त्यात पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने चिकटपट्टी सुटते, वर दुसरी लावली जाते, तिच्यावर तिसरी, आणि शेवटी जागा दिसेनाशी होते. बहात्तर तासांचा नियम अशा वॉर्डात एक काम गुपचूप करत असतो: कोणी पाहिले नाही तरी तिसऱ्या दिवशी ती जागा उघडली जाते. तो नियम काढला आणि पाहणी वाढवली नाही, तर आपण चाचणीतला उपचार करत नसतो, एक तिसरेच काहीतरी करत असतो, जे कोणीच तपासलेले नाही.

म्हणून माझ्या सादरीकरणाची शेवटची स्लाइड ‘नियम बदला’ किंवा ‘बदलू नका’ अशी नसेल. तिच्यावर दोन आठवड्यांच्या मोजणीचा तक्ता असेल: प्रत्येक पाळीत वॉर्डातल्या किती लाईनींची जागा पाहून व्हीआयपी स्कोर, म्हणजे जागेच्या लाली-सूज-दुखण्याला दिलेला ० ते ५ मधला अंक, चार्टवर लिहिला गेला, किती जागा पारदर्शक ड्रेसिंगमधून दिसत होत्या आणि किती चिकटपट्टीखाली झाकलेल्या होत्या, हँडओव्हरमध्ये किती लाईनींची तारीख सांगितली गेली, आणि औषध बंद होऊनही हातात तशीच राहिलेली इंट्राकॅथ किती होती. शेवटचा रकाना मोठा निघाला तर आधी ती काढावीत, कारण नको असलेली लाईन ठेवण्याच्या बाजूने या दोन्ही अभ्यासांत एक शब्दही नाही.